फोडायचं की दडून राहायचं? लॅम्डा विषाणूचा निर्णय आणि तो टिकवणारं बटण

प्रयोगशाळेत अगारच्या थाळीवर ई. कोलाय जिवाणूंचा पातळ थर वाढवला आणि त्यात लॅम्डा नावाचा विषाणू थोडासा मिसळला, तर दुसऱ्या दिवशी दुधाळ थरात गोल गोल खळगे दिसतात. प्रत्येक खळगा म्हणजे एका विषाणूपासून सुरू झालेला संहार: त्याने एक पेशी फोडली, तिच्यातून निघालेल्या पिल्लांनी शेजारच्या फोडल्या, आणि हे वर्तुळ पसरत गेलं. या खळग्याला प्लाक म्हणतात. लॅम्डाचा प्लाक मात्र नीट बघितला, तर तो आरपार स्वच्छ नसतो. मध्यभागी धुरकट असतो, कारण तिथे पुन्हा जिवाणू उगवलेले असतात. मधले जिवाणू उचलून वाढवले की दोन गोष्टी कळतात. त्यांच्यावर लॅम्डा पुन्हा टाकला तरी ते मरत नाहीत, आणि स्वतः मात्र अधूनमधून लॅम्डाची पिल्लं बाहेर सोडतात. म्हणजे विषाणू त्यांच्या आतच आहे. त्याने पेशी मारली नाही, तिच्या डीएनएमध्ये स्वतःचा डीएनए जोडून घेतला आणि गप्प बसला.

जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंना फाज म्हणतात. काही फाज फक्त फोडणंच जाणतात. लॅम्डासारख्या फाजांना मात्र दोन वाटा मोकळ्या असतात. पहिल्या वाटेला लायसिस म्हणतात: पाऊण-एक तासात शंभरेक नवी पिल्लं तयार करायची आणि पेशी फोडून बाहेर पडायचं. दुसरी वाट लायसोजेनीची: जिवाणूच्या गुणसूत्रात शिरून बसायचं आणि तो दुभंगेल तेव्हा त्याच्याबरोबर आपलीही प्रत निघू द्यायची. असा दडलेला विषाणू किती बेमालूम राहतो, याचा पुरावा या विषाणूच्या शोधातच आहे. ई. कोलायचा के-१२ हा वाण १९२२ मध्ये स्टॅनफर्डमध्ये वेगळा केला गेला आणि पुढे अनेक प्रयोगशाळांमध्ये वापरला गेला. त्याच्या आत लॅम्डा आहे हे १९५१ मध्ये एस्थर लेडरबर्ग यांनी दाखवलं. अतिनील किरणांच्या माऱ्यातून वाचलेल्या एका वाणातून लॅम्डा निघून गेला होता. तो वाण मूळ के-१२ सोबत वाढवल्यावर प्लाक दिसले, आणि त्यावरून हे उघड झालं. तोवर जवळपास तीस वर्षं तो तिथेच होता.

लॅम्डाकडे मेंदू नाही. डीएनएची ४८,५०२ अक्षरं आणि थोडी प्रथिनं, एवढंच त्याचं भांडवल. मग दोन वाटांमधली एक तो निवडतो कशी, आणि एकदा निवडलेल्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या राहतो कसा? हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. लॅम्डाची गोष्ट समजायची असेल तर ते आधी वेगळे करायला हवेत.

ते वेगळे करण्याचा मार्ग डेल कायझर यांच्या १९५७ च्या कामातून मिळाला. धुरकट प्लाकऐवजी आरपार स्वच्छ प्लाक देणारे लॅम्डाचे उत्परिवर्ती त्यांनी गोळा केले. स्वच्छ प्लाक म्हणजे लायसोजेनीची वाट बंद झालेला विषाणू. हे बिघाड तीन जनुकांमध्ये वाटले गेले: सी-वन, सी-टू आणि सी-थ्री. यात एक फार बोलका फरक होता. सी-टू किंवा सी-थ्री बिघडलं, तर लायसोजेन पेशी, म्हणजे विषाणू आत दडवून बसलेल्या पेशी, क्वचितच तयार होतात, पण जी एखादी तयार होते ती नेहमीसारखीच पक्की असते, पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सी-वन बिघडलं तर टिकाऊ लायसोजेन मिळतच नाही. याचा अर्थ सी-टू आणि सी-थ्री ही दडण्याचा निर्णय घेताना लागतात, आणि सी-वन तो निर्णय निभावताना लागतं. सी-वनपासून तयार होणारं प्रथिन हाच लॅम्डाचा रिप्रेसर, म्हणजे विषाणूची फोडाफोडीची जनुकं दाबून ठेवणारं प्रथिन.

आधी निर्णय बघू. लॅम्डाचा डीएनए पेशीत शिरतो तेव्हा सरळ दोरीसारखा असतो. आत गेल्यावर त्याची दोन टोकं जुळतात आणि त्याचं कडं होतं. त्या वेळी रिप्रेसर अजिबात नसतो. पेशीचंच यंत्र, आरएनए पॉलिमरेज, विषाणूची सुरुवातीची जनुकं वाचू लागतं, आणि पहिल्या काही मिनिटांत दोन्ही वाटांची तयारी एकदमच सुरू होते. याच काळात सी-टू प्रथिन बनतं. ते पुरेसं साठलं तर तीन कामं करतं. रिप्रेसरच्या जनुकाचं वाचन जोरात सुरू करून देतं. विषाणूचा डीएनए गुणसूत्रात जोडणारं एंझाइम बनवायला लावतं. आणि पेशी फोडण्याच्या उशिराच्या टप्प्याला लागणाऱ्या एका प्रथिनाचं उत्पादन रेंगाळत ठेवतं. तिन्ही कामं एकाच दिशेची आहेत. सी-टू साठलं नाही तर यातलं काहीच होत नाही, आणि विषाणू आपसूक लायसिसच्या वाटेला लागतो.

सगळा भार मग या एका प्रश्नावर येतो: सी-टू साठतं की नाही? ते फार नाजूक प्रथिन आहे. जिवाणूचं एफटीएसएच नावाचं प्रथिनं तोडणारं एंझाइम ते बनताबनताच कापत राहतं. सी-थ्री प्रथिन या कापणाऱ्याला अडवून सी-टूला थोडा अवधी मिळवून देतं. म्हणून पेशीची परिस्थिती निर्णयात उतरते. एकाच पेशीत एकदम अनेक लॅम्डा शिरले, तर सी-टू आणि सी-थ्री बनवणाऱ्या प्रती जास्त होतात, कापणारं एंझाइम कमी पडतं आणि पारडं लायसोजेनीकडे झुकतं. उपाशी पेशीतही कल त्याच बाजूला असतो. विषाणूच्या हिताने पाहिलं तर दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या आहेत. एका पेशीवर अनेक विषाणू तुटून पडलेत म्हणजे आसपास मोकळे जिवाणू उरलेले नाहीत. फोडून बाहेर पडलेली पिल्लं जाणार कुठे? आणि उपाशी पेशीतून पिल्लंही थोडीच निघणार.

यात एक मजेशीर भर २०१० मध्ये पडली. लान्यिंग झेंग, इडो गोल्डिंग आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक विषाणूला चमकणारं प्रथिन जोडून, कोणत्या पेशीवर किती विषाणू बसले आणि पुढे तिचं काय झालं, हे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी धरून पाहिलं. त्यांच्या निरीक्षणांशी जुळणारं स्पष्टीकरण असं निघालं की आत शिरलेला प्रत्येक विषाणू आपापला कौल देतो, आणि सगळ्यांचा कौल लायसोजेनीचा असेल तरच पेशी लायसोजेन होते. एकाने जरी फोडण्याची वाट धरली तरी पेशी फुटते. तोवर पेशीत सगळ्यांची मिळून एकच सरासरी ठरते असं मानण्याकडे कल होता.

आता निभावण्याकडे येऊ. सी-टू काही मिनिटांचा पाहुणा आहे. रिप्रेसरचा पहिला साठा उभा राहिला की सी-टू बनणं बंद होतं, कारण रिप्रेसर सी-टूचंही जनुक दाबतो. मग पेशी वाढतेय, दुभंगतेय, रिप्रेसर दर पिढीला निम्म्याने विरळ होतोय. तो भरून कोण काढतं? स्वतः रिप्रेसरच.

हे कसं, ते डीएनएच्या एका छोट्या पट्ट्यावर दिसतं. डावीकडे सी-वन जनुक, उजवीकडे क्रो नावाचं जनुक, आणि मध्ये सामायिक अंगण. सी-वन डावीकडे वाचलं जातं, क्रो उजवीकडे. पॉलिमरेज जिथे बसून वाचन सुरू करतं त्या जागेला प्रमोटर म्हणतात. इथे दोन प्रमोटर पाठीला पाठ लावून आहेत. त्याच पट्ट्यात रिप्रेसरला बसायला प्रत्येकी १७ अक्षरांच्या तीन जागा आहेत, त्यांना ऑपरेटर म्हणतात. उजवीकडून मोजू: पहिली जागा क्रोच्या प्रमोटरवर चढलेली, तिसरी सी-वनच्या प्रमोटरवर चढलेली, आणि दुसरी त्यांच्या मधली.

रिप्रेसर जोडीने वावरतो. त्याच्या प्रत्येक रेणूला २३६ अमिनो आम्लं असतात आणि मध्ये लवचीक दुवा असलेले दोन भाग असतात. पुढचा भाग डीएनए धरतो, मागचा भाग जोडीदाराला धरतो. पहिली जागा त्याला सगळ्यांत प्रिय, म्हणून पहिली जोडी तिथे बसते. ती बसल्यावर दुसऱ्या जागेवर येणाऱ्या जोडीला मागच्या भागाने पकडते, त्यामुळे दुसरी जागा एरवी कमी आवडती असूनही जवळजवळ लगेच भरते. आता काय झालं ते बघा. पहिल्या जागेवरच्या रिप्रेसरने क्रोचा प्रमोटर झाकला, उजवीकडचं वाचन थांबलं, आणि त्यामागे असलेली फोडाफोडीची सगळी साखळी थांबली. दुसऱ्या जागेवरचा रिप्रेसर मात्र डावीकडच्या पॉलिमरेजला अगदी खेटून बसतो आणि त्याला काम सुरू करायला मदत करतो. या मदतीने सी-वनचं वाचन साधारण दहापट वाढतं. एकच प्रथिन, एकाच वेळी, एका बाजूला दाबतंय आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचंच उत्पादन वाढवतंय. मला या यंत्रणेतलं सगळ्यांत सुंदर काही वाटत असेल तर ते हे.

उत्पादन भलतंच वाढू नये याचीही सोय आहे. रिप्रेसर फार झाला की तिसरी जागाही भरते आणि सी-वनचं वाचन थांबतं. यासाठी सुमारे अडीच हजार अक्षरं दूर असलेल्या अशाच दुसऱ्या तीन जागांवरचे रिप्रेसर इकडच्यांना येऊन भिडतात आणि मधल्या डीएनएचा फास तयार होतो. एका लायसोजेन पेशीत रिप्रेसरचे साधारण दोनशे रेणू असतात. साठा याहून खूप वाढला, तर संकटाच्या वेळी तो लवकर उतरवता येणार नाही आणि विषाणू बुडत्या जहाजातच अडकेल.

क्रो हा उलट बाजूचा गडी. तोही याच तीन जागांवर बसतो, पण त्याला तिसरी जागा सर्वांत प्रिय. म्हणजे तो आधी सी-वनचं वाचन बंद करतो. रिप्रेसर आहे तोवर क्रो बनत नाही, आणि क्रो सरशीला आला की नवा रिप्रेसर बनत नाही. त्यामुळे मधली अवस्था टिकत नाही.

एवढा कमी असलेला रिप्रेसर हाताला लावणं सोपं नव्हतं. हार्वर्डमध्ये मार्क प्टाश्ने यांनी १९६७ मध्ये तो वेगळा केला, आणि त्यांची युक्ती सांगण्यासारखी आहे. त्यांनी जिवाणूंना आधी अतिनील किरणांनी इतकं भाजलं की त्यांची स्वतःची प्रथिनं बनणं जवळजवळ थांबलं. मग एका गटाला साधा लॅम्डा दिला आणि दुसऱ्याला सी-वन बिघडलेला लॅम्डा. दोन्ही गटांत नवी बनणारी प्रथिनं वेगवेगळ्या किरणोत्सारी खुणांनी ओळखू येत होती. दोन्ही अर्क एकत्र करून प्रथिनं वेगळी केली, तेव्हा पहिल्या खुणेचं एक शिखर असं दिसलं की त्याला दुसऱ्या खुणेचा जोडीदार नव्हता. तोच रिप्रेसर. पुढे हे प्रथिन लॅम्डाच्या डीएनएला चिकटतं हे त्यांनी दाखवलं. रिप्रेसर ओळखणारा भाग तेवढा दुसऱ्या फाजाचा आणि बाकीचा डीएनए लॅम्डाचाच, अशा संकरित फाजाला मात्र ते चिकटलं नाही. जी पेशी लॅम्डा बाळगते ती नव्या लॅम्डाला दाद का देत नाही, याचंही उत्तर यातच आहे: नव्याने आलेल्या डीएनएवर पेशीतला तयार रिप्रेसर लगेच बसतो.

जोडीने बसणं आणि शेजाऱ्याला पकडणं यातून एक गुण येतो, तो थोड्या गणिताने नीट कळतो. समजा जागेवर एकच रेणू एकटा बसतो आणि ती ९९ टक्के वेळ भरलेली आहे. म्हणजे भरलेली आणि रिकामी यांचं प्रमाण ९९ ला १. ते १ ला १ व्हायला, म्हणजे जागा निम्मा वेळ मोकळी पडायला, रेणूंची संख्या ९९ पट घटायला हवी. आता समजा चार रेणू मिळूनच बसतात, एकत्र नाहीतर मुळीच नाही. मग हे प्रमाण संख्येच्या चौथ्या घाताने बदलतं. ९९ चं चौथं मूळ ३.१५ आहे, म्हणजे संख्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर आली की निम्मा वेळ मोकळा झाला! पेशीतले रेणू इतके शिस्तशीर नसतात, बहुतेक रिप्रेसर आधीच जोडीत असतो, त्यामुळे प्रत्यक्षातला उतार यापेक्षा थोडा सौम्य आहे. पण मुद्दा तोच. एकट्याने बसणारा रिप्रेसर पंख्याच्या रेग्युलेटरसारखा हळूहळू बदलला असता. लॅम्डाचा रिप्रेसर बटणासारखा खटकन पडतो. नेहमीच्या चढउतारांत तो हलत नाही, आणि काही पटींची घट झाली की अर्धवट थांबत नाही.

ही घट नेमकी केव्हा होते? १९५० मध्ये पॅरिसच्या पास्टर इन्स्टिट्यूटमध्ये आंद्रे ल्वॉफ यांनी लुई सिमिनोविच आणि नील्स केल्गार्ड यांच्याबरोबर बॅसिलस मेगाटेरियम या वेगळ्या जिवाणूचे लायसोजेन अतिनील प्रकाशात धरले. काही वेळ वाढ चालू राहिली आणि मग गढूळ संवर्धन निवळलं: जवळजवळ सगळ्या पेशी फुटल्या होत्या. लॅम्डाच्या बाबतीत यामागची साखळी आता माहीत आहे. किरणांनी डीएनए तुटतो आणि एकेरी धागे उघडे पडतात. जिवाणूचं रेकए प्रथिन त्यावर चढून बसतं. ही जिवाणूची धोक्याची घंटा आहे. ती वाजली की जिवाणूचा लेक्सए नावाचा स्वतःचा एक रिप्रेसर स्वतःलाच कापून घेतो आणि दुरुस्तीची जनुकं मोकळी होतात. लॅम्डाच्या रिप्रेसरची घडण लेक्सएशी मिळतीजुळती आहे, म्हणून तोही रेकएला भिडून १११ व्या आणि ११२ व्या अमिनो आम्लाच्या मध्ये तुटतो. डीएनए धरणारा भाग जोडीदार धरणाऱ्या भागापासून सुटतो. सुटा भाग जोडी करू शकत नाही आणि त्या जागांवर नीट टिकत नाही. पहिल्या जागा मोकळ्या होतात, क्रो बनतो, विषाणूचा डीएनए गुणसूत्रातून कापून बाहेर निघतो. तासाभरात पेशी फुटते. दुरुस्तीसाठी आधी जिवाणूचीच घंटा वाजते आणि विषाणू ती चोरून ऐकतो. हे आपोआप क्वचितच घडतं, साधारण लाखात एखाद्या पेशीत किंवा त्याहूनही कमी. रेकए नसलेल्या पेशीत तर जवळजवळ होतच नाही. त्यावरून कळतं की शांत दिवसांत दिसणारी फूटही बहुतेक याच वाटेने येते.

बटणाची आठवण नेमकी कशात असते, हे सांगणारा एक प्रयोग मला सर्वांत पटणारा वाटतो. सी-वन-८५७ नावाच्या उत्परिवर्ती रिप्रेसरला उष्णता सोसत नाही. ३० अंशांना तो ठीक असतो, ४२ अंशांना निकामी होतो. साध्या लॅम्डामध्ये हा बदल असेल तर फ्लास्क ४२ अंशांवर नेला की पेशी फुटतात. पण १९७० मध्ये झेड. न्यूबॉवर आणि ई. कालेफ यांनी तो अशा लॅम्डामध्ये तपासला, ज्याची पुढची फोडणारी जनुकं मोडलेली होती. म्हणजे बटण पडलं तरी पेशी जगणार होती. ३० अंशांवर वाढलेल्या या पेशींत रिप्रेसर होता आणि त्या नव्या लॅम्डाला दाद देत नव्हत्या. त्यांना काही काळ तापवून पुन्हा ३० अंशांवर आणलं. आता रिप्रेसर बनला असता तर चालला असता. पण क्रो आधीच बसलेला होता, रिप्रेसर बनेना, आणि त्या पेशींच्या पुढच्या अनेक पिढ्या तशाच राहिल्या. डीएनए तोच, तापमान तेच, अन्न तेच, आणि तरी दोन वंश दोन वेगळ्या अवस्थांत. आठवण डीएनएच्या अक्षरांत नव्हती. ती पेशीत कोणतं प्रथिन आधीपासून आहे यात होती, आणि दुभंगताना प्रत्येक लेकीला त्यातला वाटा मिळत होता.

दवाखान्यातही हे बटण दिसतं. ई. कोलाय ओ-१५७ या वाणाचं शिगा विष लॅम्डाच्याच कुळातल्या दडलेल्या फाजाच्या जनुकात असतं, आणि ते जनुक उशिराच्या, फोडण्याच्या टप्प्याबरोबर वाचलं जातं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं डीएनएला इजा करणारं प्रतिजैविक प्रयोगशाळेत दिलं, तर रेकएची घंटा वाजते, रिप्रेसर तुटतो आणि विष वाढतं. या संसर्गात डॉक्टर अशी औषधं टाळतात, त्यामागे हे एक कारण आहे.

आणि दडून राहण्याची सवय असलेला फाज औषध म्हणून वापरायचा असेल तर हेच बटण काढून टाकता येतं. मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस या जिवाणूचा, प्रतिजैविकांना दाद न देणारा संसर्ग फुप्फुस प्रत्यारोपणानंतर लंडनमधल्या एका पंधरा वर्षांच्या रुग्णाच्या शरीरभर पसरला होता. ग्रॅहम हॅटफुल यांच्या पिट्सबर्गमधल्या गटाने तीन फाज निवडले आणि त्यांचं मिश्रण शिरेतून देण्यात आलं. हे काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातला मडी हा मुळातच फोडणारा होता. झोईजे आणि बीपीएस हे दोघे दडणाऱ्या जातीचे. ते तसेच दिले असते तर बऱ्याच पेशींत शिरून गप्प बसले असते, आणि त्या पेशी पुढच्या डोसला दाद देणार नव्हत्या. म्हणून त्यांच्या जीनोममधून रिप्रेसरचं जनुक कापून टाकण्यात आलं. त्यानंतर त्यांच्याकडे फोडण्याशिवाय दुसरी वाट उरली नाही, आणि उपचारानंतर रुग्णाच्या जखमा भरू लागल्या, यकृताचं काम सुधारलं.